पगार दोनदा आला, आणि स्वतःचे पैसेही अडकले

शनिवारी संध्याकाळी साडेसातला फोन आला. ओळखीचा माणूस, आपल्याच जिल्ह्यातल्या एका खासगी संस्थेत प्रयोगशाळा सहायक. म्हणाला, "भाऊ, पगार दोनदा आला नं. फरक-बिरक मिळाला काय बाप्पा? तुमच्याकडे काही बातमी आहे का?"

बातमी कुठची. मी म्हटलं, आकडा पाहा. दोन्ही वेळेस 18,640 रुपये, पैशापर्यंत सारखे. फरकाची रक्कम कधी पगाराइतकीच, रुपयाला रुपया येत नाही. म्हटलं, हा फरक नाही, चूक आहे. हात लावू नका.

त्याने हात लावला नाही. तरी पुढच्या आठवड्यात त्याचा गाडीचा हप्ता बाउन्स झाला, 885 रुपये दंड बसला. त्याच संस्थेतल्या सफाई काम करणाऱ्या एका ताईच्या डोक्यावर 7,200 रुपयांची वसुली आली. तिने तर जास्तीचा एक रुपयाही काढला नव्हता. हे कसं झालं ते समजून घ्यायला मी तीन आठवडे घालवले. संस्थेच्या लेखापालाशी बोललो, शाखेत बसलो, लोकांची पासबुकं पाहिली. संस्थेचं आणि बँकेचं नाव लिहीत नाही. आपलं गाव लहान आहे, आणि नाव लिहिलं की आधी नोकरी जाते ती त्या ताईचीच.

आधी चूक कशी झाली ते.

पगाराची एक फाइल असते. त्यात ओळीने नाव, खाते क्रमांक, आयएफएससी आणि रक्कम. लेखापाल ती बँकेच्या साइटवर चढवतो, दुसरा अधिकारी ओटीपी टाकून मंजूर करतो. त्या शनिवारी नेट रडत होतं. फाइल चढवली, पडद्यावर बराच वेळ 'पेंडिंग'च दिसत राहिलं. लेखापालाला वाटलं गेलीच नाही. त्याने तीच फाइल नावात एक आकडा बदलून पुन्हा चढवली, आणि साहेबांना फोन करून म्हणाला, सर, अजून एक ओटीपी येईल, सांगा. साहेब लग्नात होते. त्यांनी पडदा न पाहता ओटीपी सांगितला. 'दोन माणसांची मंजुरी' ही पद्धत याच चुकीसाठी ठेवलेली असते. दुसरा माणूस फोनवर आकडे वाचून दाखवत असेल तर मंजुरी एकाच माणसाची राहते.

एरवी अशी दुसरी फाइल पैसे नाहीत म्हणून आपोआप पडते. पगाराच्या दिवशी संस्थेच्या खात्यात पगारापुरतेच पैसे असतात. त्या महिन्यात मात्र पुरवठादारांना द्यायची रक्कम नुकतीच जमा झालेली होती. त्यामुळे दुसरी फाइलही पास झाली. 58 माणसांना दोनदा पगार, पहिला दुपारी चारच्या सुमारास, दुसरा सातच्या. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून चोवीस तास, सुटीच्या दिवशीही चालते. शनिवार संध्याकाळ म्हणून काही थांबलं नाही. थांबले ते बँकेतले लोक. सोमवारी सकाळपर्यंत शाखेत कोणी नव्हतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. दोनदा पगार येतो तेव्हा पहिला प्रश्न हा की मालकाच्या खात्यातून पैसे किती वेळा गेले? एकदाच गेले आणि कामगारांना दोनदा मिळाले, तर चूक बँकेची आणि पैसेही बँकेचे. दोनदा गेले तर चूक मालकाची आणि बँक फक्त पोस्टमन.

बँकेच्या चुकीची मोठी उदाहरणं आहेत. 25 डिसेंबर 2021 ला, ऐन नाताळात, इंग्लंडमधल्या सँटँडर बँकेने सुमारे 2,000 कंपन्यांची देणी दोनदा पाठवली. पगारासकट सुमारे 75,000 व्यवहार, 13 कोटी पौंड. कंपन्यांच्या खात्यातून पैसे एकदाच गेले होते. दुसरी रक्कम बँकेच्या स्वतःच्या खिशातून गेली, म्हणून परत आणायची धडपडही बँकेचीच. आपल्याकडे युको बँकेत 2023 च्या दिवाळीत, 10 ते 13 नोव्हेंबरला, आयएमपीएसच्या बिघाडाने लोकांच्या खात्यात सुमारे 820 कोटी रुपये जमा झाले. तो पगार नव्हता, पण परत घ्यायची रीत तीच. ज्यांनी पाठवले त्यांच्या खात्यातून गेलेच नव्हते, मिळाले मात्र 41,000 च्या आसपास खात्यांना. बँकेने ती खाती रोखून काही दिवसांत 649 कोटी परत मिळवले. उरलेल्यांसाठी सीबीआय आली आणि पुढच्या मार्चमध्ये राजस्थान आणि महाराष्ट्रात छापे पडले.

बँकेची स्वतःची चूक असेल तर ती चुकीची नोंद उलटी करून दुरुस्त करते, तिच्या खातेवहीतली ती चूक असते. मालकाची चूक असेल तर मात्र तुमच्या खात्यात आलेली रक्कम बँकेच्या दृष्टीने रीतसर जमा झालेली असते. खाते क्रमांक बरोबर, रक्कम फाइलप्रमाणे, मंजुरी मालकाची. अशी एनईएफटी खात्यात पडली की मालकाकडे ती मागे ओढायचं बटण नसतं. बँकेकडेही नसतं.

मग 'बँक परत घेते' म्हणजे नेमकं काय करते?

सोमवारी सकाळी लेखापालाने विवरण काढलं आणि त्याच्या पोटात गोळा आला. तो शाखेत पळाला. मालक आपल्या बँकेला लेखी पत्र देतो: अमुक तारखेला अमुक फाइल चुकून दोनदा गेली, दुसऱ्या फाइलचे हे यूटीआर क्रमांक, ही यादी, ही रक्कम, कृपया परत मिळवून द्या. सोबत हमीपत्र, की यावरून पुढे कोणी दावा केला तर जबाबदारी आमची. यूटीआर महत्त्वाचा, कारण 'जास्तीचा पगार' म्हणजे दोन जमांपैकी कोणती, हे त्यावरूनच ठरतं.

यादीतली जी खाती दुसऱ्या बँकेत आहेत, त्यांच्यासाठी मालकाची बँक त्या बँकेला संदेश पाठवते. ती बँक खातेदाराला विचारते, आणि त्याने होकार दिला की पैसे परत पाठवते. होकार नाही तर संदेश फाइलला लागतो. या प्रकरणात 58 पैकी 17 खाती अशी बाहेरच्या बँकांत होती. 14 जणांनी आठवडाभरात स्वतःहून परत केले. तिघांचे अजून यायचे आहेत, त्यातला एक तर नोकरी सोडून नागपूरला गेला.

बाकी 41 खाती त्याच बँकेत, बरीचशी त्याच शाखेत. इथे बँकेच्या हाताला खातं लागतं, आणि घोळ इथेच होतो.

रक्कम अडवायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे तेवढीच रक्कम अडवणं. बँकेतले लोक याला 'लीन मार्क करणं' म्हणतात. तुमच्या खात्यात 24,430 आहेत आणि 18,640 अडवले, तर 5,790 तुम्ही वापरू शकता. दुसरी पद्धत म्हणजे खातंच गोठवणं. जमा होईल, पण एक रुपया बाहेर जाणार नाही. एटीएम नाही, फोन पे नाही, हप्ता नाही. दुसरी पद्धत बँकेला सोपी पडते, रक्कम टाकावी लागत नाही. सोमवारी घाईत शाखेने 41 खाती गोठवली.

वरचे आकडे मी मनाने घेतलेले नाहीत. ते आपल्या प्रयोगशाळा सहायकाचेच आहेत. शनिवारी त्याच्या खात्यात 1,150 होते. दोन पगार मिळून 37,280 आले, झाले 38,430. रविवारी त्याने मुलीच्या फीसाठी 14,000 काढले, उरले 24,430. जास्तीचे 18,640 बाजूला ठेवले तरी त्याचे हक्काचे 5,790 खात्यात होते, आणि मंगळवारचा गाडीचा हप्ता 5,200 चा. म्हणजे माणसाने बरोबर हिशेब केला होता. अतिरिक्त पैशाला हात नाही, हप्त्याची सोय आहे, वर 590 उरतात.

मंगळवारी हप्ता आला, खातं गोठलेलं, हप्ता परत. बँकेने बाउन्सचे जीएसटीसह 295 लावले, फायनान्स कंपनीने 590. एकूण 885. आणि त्याला कळलं कधी? फायनान्स कंपनीच्या वसुलीवाल्याचा फोन आला तेव्हा. खातं गोठवल्याचा ना एसएमएस, ना फोन, ना संस्थेच्या सूचना फलकावर कागद. आदल्या दिवशी किराणा दुकानात त्याचं पेमेंट फेल झालं होतं, पण नेट नसेल म्हणून तो उधारी लिहून घरी आला.

शाखेत मी विचारलं, रक्कमच का नाही अडवली? साहेब सरळ बोलले, हे त्यांच्या बाजूने सांगायला पाहिजे. म्हणाले, "सोमवार होता, लाइन लागली होती, 41 खात्यांत वेगवेगळी रक्कम टाकायची म्हणजे दोन तास. तेवढ्यात कोणी काढून घेतले असते तर?" मुद्दा खोटा नाही. पण मग सकाळी गोठवून संध्याकाळपर्यंत रकमेवर आणता आलं असतं. ती खाती शुक्रवारपर्यंत तशीच होती.

मालकाच्या पत्रावरून बँकेला तुमचं खातं गोठवायचा अधिकार आहे का, हाही प्रश्न आहे. भारतीय करार अधिनियमाच्या कलम 171 मध्ये बँकेला जो धारणाधिकार आहे, तो तिच्या स्वतःच्या येण्यासाठी आहे, तिसऱ्या माणसाच्या नाही. मालक हा इथे तिसरा माणूस. चूक उघड असते, पैसे जायची भीती खरी असते, म्हणून बँका मालकाच्या हमीपत्रावर थोडा काळ रक्कम अडवतात, आणि व्यवहारात ते चालून जातं. माझा त्यालाही फार विरोध नाही. पण अधिकार एवढा पातळ असताना माणसाच्या स्वतःच्या कमाईला हात लावणं आणि त्याला न सांगणं हे मला पटत नाही. खातेदाराच्या सहीशिवाय, पोलिसांच्या किंवा कोर्टाच्या आदेशाशिवाय, अडवलेली रक्कम वळती करणं तर त्याहून पुढचं.

सही कुणाची आणि कशावर, तेही पाहा. संस्थेने सगळ्यांना एक छापील संमतीपत्र दिलं होतं. त्यात रकमेची जागा कोरी. वर वाक्य, 'माझ्या खात्यातून आवश्यक ती रक्कम वळती करण्यास संमती आहे.' अशा कागदावर सही करू नका. रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहा, यूटीआर लिहा, तारीख टाका, झेरॉक्स ठेवा. रक्कमही तीच, जी हातात आली. दुसऱ्या फाइलने फक्त हातात येणारा पगार दोनदा गेला, पीएफ आणि आयकराची कपात दोनदा झालेली नव्हती. तरी एका शिक्षिकेला कपातीआधीचा पूर्ण पगार परत मागितला गेला. तिने पासबुक दाखवलं तेव्हा लेखापालाने कपाळावर हात मारला. हे सगळं मार्चच्या आत मिटलं तर बरं, म्हणजे फॉर्म 16 मध्ये तो दुसरा पगार उत्पन्न म्हणून येत नाही. तो आला नाही ना, हे मे-जूनमध्ये एकदा पाहून घ्या.

आता त्या ताईचं.

तिचा हातात येणारा पगार 11,200. त्याच बँकेचं छोटं कर्ज आहे, नवऱ्याच्या आजारपणात घेतलेलं, आणि 7,400 रुपये हप्ते थकलेले. तिची रीत अशी की पगार आला की त्याच दिवशी एटीएममधून काढायचा, घर चालवायचं आणि बँकेत जमेल तसे रोखीने भरायचे. खात्यात पैसे ठेवले की बँक ओढून घेते हे तिला माहीत आहे. त्या शनिवारी पाच वाजता तिने 11,000 काढले. 200 राहिले. सातला दुसरा पगार आला, तिला कळलंच नाही, साधा फोन आहे आणि तो घरी मुलाकडे असतो. रात्री बँकेच्या यंत्रणेला खात्यात 11,400 दिसले. तिने थकबाकीचे 7,400 उचलले. उरले 4,000.

सोमवारी खातं गोठवलं, त्यातले 4,000 अडकले. संस्थेला द्यायचे 11,200. कमी पडतात 7,200. लेखापाल तिला म्हणाला, "ताई, पैसे खर्च काऊन केले?"

तिने खर्च केलेच नव्हते. ज्या बँकेने सोमवारी पत्र लिहून पैसे परत मागितले, त्याच बँकेने शनिवारी रात्री त्यातले 7,400 आपल्या कर्जात जमा करून घेतले होते. मी शाखेत म्हटलं, ती नोंद उलटी करा, 7,400 परत खात्यात टाका, मग संस्थेला द्या, तिचं कर्ज पुन्हा होतं तेवढं होऊ द्या. उत्तर मिळालं, वसुली यंत्रणेने केली, यंत्रणा वरून चालते.

मला ही गोष्ट सगळ्यात जास्त लागली. कायद्याचा काटेकोर हिशेब केला तर ताई देणं लागते, कारण तिचं कर्ज 7,400 ने कमी झालं, फायदा तिला मिळाला. पण चुकून आलेला पैसा हा तिचा पैसा नव्हता, आणि बँकेला सोमवारी तेच म्हणायचं होतं. मग जो तिचा नव्हता त्यातून तिचं कर्ज वसूल कसं झालं? चुकीची जमा आहे हे कळल्यावर त्या जमेतून झालेली आपोआप वसुली आधी मागे घ्यावी, एवढा नियम बँकांनी स्वतःला घालून घ्यायला हरकत नव्हती. यात बँकेचं काही बुडत नाही. कर्ज जागेवर, थकबाकी जागेवर.

संस्थेचा पहिला विचार होता, पुढच्या पगारातून 7,200 एकदम कापून टाकू. 11,200 तून 7,200 गेले तर हातात 4,000. इथे कायदा तिच्या बाजूने आहे. जास्तीचा दिलेला पगार पुढच्या पगारातून वळता करायला 1936 च्या वेतन प्रदान अधिनियमात परवानगी होती, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. पण एका महिन्यातल्या सगळ्या कपाती मिळून साधारणपणे पगाराच्या निम्म्यावर जाता येत नाहीत, आणि त्या निम्म्यात पीएफसारख्या आधीच्या कपातीही धरायच्या असतात. हातात येणारे 11,200 धरले तरी निम्मे होतात 5,600. म्हणजे 7,200 एकदम कापणं बसतच नाही. मी तो मुद्दा लेखापालापुढे ठेवला. सचिवांनी दोन दिवसांनी मान्य केलं, 1,200 चे सहा हप्ते, बिनव्याजी. लेखी घेतलं. तोंडी आश्वासन लेखापाल बदलला की हवेत जातं.

दुसरी बाजूही बोलतो, नाहीतर कमेंटमध्ये 'आला पैसा तर आपला' म्हणणारे येतीलच.

तो पैसा आपला नाही. करार अधिनियमाचं कलम 72, 1872 सालापासूनचं, सरळ सांगतं की चुकून मिळालेला पैसा परत करावा लागतो. चूक कोणाची हा प्रश्नच येत नाही. मालक निष्काळजी होता म्हणून पैसे तुमचे होत नाहीत. मालकाला चूक कळल्यापासून दावा करायला तीन वर्षं असतात. आणि चूक आहे हे माहीत असूनही कोणी मुद्दाम दाबून बसला, उडवून टाकला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 314, अप्रामाणिकपणे मालमत्तेचा अपहार, लागू शकतं. जुन्या भादंविचं 403. पैठण तालुक्यातल्या शेतकऱ्याची बातमी आठवत असेल. ग्रामपंचायतीचे 15 लाख त्याच्या जनधन खात्यात आले, त्याला वाटलं पंधरा लाखांचं आश्वासन पूर्ण झालं, नऊ लाखांचं घर बांधून बसला. आपण सगळे हसलो. त्याच्या जागी बसून पाहा, सहा महिन्यांनी बँकेची नोटीस आली तेव्हा घराच्या विटा काढून परत द्यायच्या होत्या का?

आपल्याकडचे शिक्षक मित्र लगेच रफिक मसीहचा दाखला देतात. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह, सर्वोच्च न्यायालय, 18 डिसेंबर 2014. वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून, पाच वर्षांहून जास्त काळ दिल्या गेलेल्या जादा रकमेची वसुली करू नये, असं त्यात आहे. एकस्तर वेतनश्रेणीच्या वसुलीच्या वादात आपल्या जिल्ह्यात हा निकाल तोंडपाठ झाला आहे, आणि तिथे तो कामाचाही आहे. पण तो वेतननिश्चिती चुकून वर्षानुवर्षं महिन्याला थोडं थोडं जास्त मिळत राहिलं, माणसाने त्यावर घर चालवलं, अशा प्रकारासाठी आहे. शनिवारी दोनदा आलेला आणि सोमवारी पकडलेला पगार त्यात बसवायला गेलात तर माझ्या मते कोर्टात टिकणार नाही. त्या निकालाची धार अशा ठिकाणी घासून बोथट करू नका.

तर तुमच्यावर अशी वेळ आली तर मी काय करेन ते सांगतो. त्याच दिवशी लेखापालाला लेखी कळवेन, व्हॉट्सॲप चालेल, 'दोनदा जमा दिसते, परत कसे करू?' हा एक मेसेज पुढे सोन्याचा ठरतो. अप्रामाणिकपणाचा आरोप त्यापुढे टिकत नाही, आणि आमच्या सहायकाकडे तो नव्हता, फक्त मला केलेला फोन होता. त्याच बँकेचं कर्ज थकलं असेल तर शाखेलाही लगेच कळवेन. आणि पैसे परत करताना संस्थेच्या त्याच खात्यात, ज्यातून पगार येतो, बँकेतून पाठवेन आणि पावती घेईन. रोख हातात देणार नाही. लेखापालाच्या वैयक्तिक नंबरवर तर मुळीच नाही.

हे शेवटचं जास्त महत्त्वाचं, कारण ही बातमी गावभर झाल्यावर तिसऱ्याच दिवशी आमगावकडच्या एका ओळखीच्याला फोन आला. "तुमचा पगार दोनदा झाला, मी हेड ऑफिसमधून बोलतोय, या नंबरवर परत पाठवा." सोबत जमा झाल्याचा खोटा एसएमएस. त्याच्या खात्यात काहीच आलेलं नव्हतं. एसएमएस कोणीही बनवू शकतो. जमा झाली की नाही हे पासबुकात किंवा बँकेच्या ॲपमध्ये बघा, आणि खरा पगार देणारा कधी अनोळखी नंबरवर परत मागत नाही.

खातं गोठवलेलं आढळलं तर शाखेत लेखी अर्ज द्या: कोणाच्या पत्रावरून, किती रकमेसाठी, किती दिवसांसाठी? फक्त वादातली रक्कम अडवा आणि बाकी खातं मोकळं करा, अशी मागणी करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही.

आमच्या सहायकाने असाच अर्ज दिला. मजकूर मी लिहिला, सही त्याची. बाराव्या दिवशी बँकेने 295 परत जमा केले. फायनान्स कंपनीचे 590 संस्थेने द्यावेत असं पत्र सचिवांकडे पडून आहे. ते म्हणतात पुढच्या बैठकीत ठेवू. ताईच्या 7,400 च्या नोंदीबद्दल दुसरा अर्ज गेला आहे, त्याला आज एकोणीस दिवस झाले, उत्तर नाही. तीस झाले की लोकपालाकडे टाकतो. काय होतं ते इथेच लिहीन. तिचा 1,200 चा पहिला हप्ता या महिन्याच्या पगारातून कापला गेला.